टाकीत मेलेला उंदीर सापडला : आधी घासणं, मग क्लोरीन

पाणी या विषयावरच्या आपल्या व्याख्यानमालेत मागच्या काही भागांत आपण विहिरी, बोअर आणि नळयोजना यांच्याबद्दल बोललो. आज जरा घराच्या जवळ, म्हणजे अगदी डोक्यावर येऊ या. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडलं आणि आत मेलेला उंदीर किंवा कबुतर तरंगताना दिसलं, तर काय करायचं, एवढाच आजचा विषय आहे. ऐकायला किळसवाणा आहे, पण ज्या इमारतीत हे घडतं तिथे पुढच्या तासाभरात जे निर्णय घेतले जातात, त्यांवर दहा-बारा कुटुंबांची तब्येत अवलंबून असते.

बहुतेक ठिकाणी काय होतं बघा. वॉचमन किंवा प्लंबर काठीने तो उंदीर बाहेर काढतो. कुणीतरी सांगतं, "दोन डबे ब्लीचिंग पावडर टाका आणि तासभर पाणी सोडू नका." पावडर टाकली जाते, वास येतो, सगळ्यांना बरं वाटतं. दुसरी तऱ्हा म्हणजे सगळ्यांना आपापले नळ सोडून टाकी रिकामी करायला सांगायचं. या दोन्ही गोष्टी करून बघाव्याशा वाटतात, कारण त्या सोप्या आहेत. आज आपल्याला हेच समजून घ्यायचं आहे, की या दोन्ही का चुकतात आणि कामाचा योग्य क्रम कोणता.

पहिली चूक : घाणीवर क्लोरीन

क्लोरीन जंतू मारतो हे खरं. पण तो फक्त जंतूंनाच शोधत जात नाही. पाण्यात जे जे सेंद्रिय आहे, म्हणजे रक्त, चरबी, कुजलेलं मांस, विष्ठा, केस, पिसं, तळाचा चिखल, भिंतीवरची शेवाळी बुळबुळ, त्या सगळ्यावर तो खर्च होतो. याला पाण्याची क्लोरीनची मागणी म्हणतात. ती मागणी भागल्यानंतर जो क्लोरीन उरतो, तोच जंतूंवर काम करायला मोकळा असतो. स्वच्छ नळाच्या पाण्यात ही मागणी अगदी थोडी असते. टाकीत मेलेलं जनावर आणि वर्षभराचा गाळ असेल तर टाकलेला क्लोरीन अर्ध्या तासात नाहीसा होऊ शकतो. शिवाय गाळाच्या आणि बुळबुळीच्या थराखाली बसलेल्या जंतूंपर्यंत तो पोचतच नाही.

मग वास कसा येतो? हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कुजणाऱ्या पदार्थांतून अमोनियासारखी द्रव्यं पाण्यात उतरतात. त्यांच्याशी क्लोरीन संयोग पावला की जी संयुगं तयार होतात, त्यांनाही उग्र वास असतो, पण त्यांची जंतू मारण्याची ताकद मोकळ्या क्लोरीनपेक्षा पुष्कळ कमी असते. म्हणून "वास येतोय म्हणजे पाणी शुद्ध झालं" हे समीकरण धरून चालायचं नाही. कधी कधी उग्र वास हा घाण अजून शिल्लक असल्याचीच खूण असतो.

आणि आणखी एक. उंदीर विष खाऊन मेला असेल, तर क्लोरीन त्या विषावर उपाय नाही. एका उंदराच्या पोटातलं विष हजारो लिटर पाण्यात खूप विरळ होतं, पण ते पाणी वापरायचं कशाला? त्यावर उपाय एकच, ते पाणी टाकून देणं. पाणी उकळलं तरी जंतू मरतील, पण कुजलेल्याचा वास किंवा विष त्यानं जात नाही.

दुसरी चूक : घाण पाईपात ओढणं

आता दुसरी तऱ्हा. सगळे नळ सोडून टाकी रिकामी करायची. टाकीच्या तळापासून काही सेंटिमीटर वर घरांकडे जाणारा पाईप असतो. त्याच्या खालचं पाणी आणि गाळ सहसा हलत नाही. पण सगळे नळ एकदम सोडले, की प्रवाह जोराचा होतो, तळ ढवळला जातो आणि शेवटचं, सगळ्यात घाण पाणी थेट घराघरातल्या पाईपांत, गिझरमध्ये आणि वॉटर प्युरिफायरमध्ये जातं. घाण जी एका टाकीत होती ती आता बारा घरांत पसरली.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या गिडिअन या गावात याचा मोठा दाखला मिळाला. गाव जेमतेम अकराशे वस्तीचं. पाणी खोल विहिरींचं, म्हणून त्यात क्लोरीन घालतच नव्हते. पाणी उंच टाक्यांत साठवलं जाई आणि त्यांतल्या एका टाकीला वरच्या बाजूला भोकं होती, तिथून कबुतरांना आत शिरता येत होतं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये लोकांनी पाण्याला वाईट चव आणि वास येत असल्याच्या तक्रारी केल्या. त्यावर उपाय म्हणून गावभरचे हायड्रंट उघडून पाईप जोरात धुवून काढायचा निर्णय झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत गावात जुलाबाची साथ पसरली. साल्मोनेला नावाचा जंतू होता, पक्ष्यांच्या विष्ठेत सापडणारा. शेकडो लोक आजारी पडले आणि वृद्धाश्रमातल्या सात जणांचा मृत्यू या साथीशी जोडला गेला. नंतर तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष असा, की टाकीतलं दूषित पाणी पाईप धुताना गावभर ओढलं गेलं. हेतू पाणी स्वच्छ करण्याचाच होता. चुकला तो क्रम.

तेव्हा आजचं सूत्र लक्षात ठेवू या. आधी घराकडे जाणारा व्हॉल्व बंद, मग जनावर बाहेर, मग वेगळ्या वाटेने टाकी रिकामी, मग घासणं, मग क्लोरीन, मग पाईप, आणि शेवटी तपासणी. आता हे एका उदाहरणानं पायरीपायरीने बघू.

एका सोसायटीचं उदाहरण

समजा, तीन मजली इमारत आहे, बारा घरं. गच्चीवर सिमेंटची टाकी, आतून अडीच मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि पाण्याची उंची एक मीटर साठ सेंटिमीटर. गुणाकार केला तर दहा घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर. आपल्या टाकीचं माप असंच काढायचं, अंदाजाने नाही, कारण पुढचा औषधाचा हिशोब त्यावर आहे. रविवारी सकाळी आठ वाजता वॉचमनला आत उंदीर दिसला.

पहिली पाच मिनिटं फक्त दोन कामांची. घरांकडे जाणारा व्हॉल्व बंद करायचा आणि पंप बंद करायचा. मग प्रत्येक घरात निरोप द्यायचा : टाकीचं पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला आणि दात घासायला घेऊ नका, हंड्या-कळशांत भरून ठेवलेलं आणि फ्रिजमधला बर्फ टाकून द्या. व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकलं तरी दारावर जाऊन सांगायचं, विशेषतः जिथे म्हातारी माणसं किंवा तान्ही बाळं आहेत तिथे. ज्या घरात महापालिकेचा थेट नळ स्वयंपाकघरात आहे, ते पाणी या टाकीतून येत नाही, त्यामुळे ते चालेल. पण तो नळ खरोखर थेट आहे का, हे प्लंबरला विचारून खात्री करायची.

"आमच्याकडे आरओ आहे, आम्हाला काय त्याचं," असं बरेच जण म्हणतात. त्या भरवशावर राहू नका. प्युरिफायर बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या आधीच्या गाळणीत ही घाण साचून राहते आणि तिथेच वाढते. म्हणून त्याचा नळ बंद करायचा आणि टाकीचं काम पूर्ण झाल्यावर गाळण्या बदलून घ्यायच्या.

आता जनावराकडे. रबरी हातमोजे आणि मास्क घालून, जाळीने किंवा झाऱ्याने अलगद उचलायचं, दाबायचं नाही, फुटू द्यायचं नाही. दोन प्लॅस्टिक पिशव्यांत एकात एक घालून तोंड बांधायचं. महापालिकेच्या आरोग्य खात्याला कळवून द्यायचं, किंवा मोकळी जागा असेल तर विहीर आणि बोअरपासून लांब, दोन-अडीच फूट खोल खड्ड्यात पुरायचं. उचलताना एकदा नीट बघूनही घ्या. अंग फुगलेलं असेल, केस सुटत असतील, तर ते आज नाही पडलेलं, काही दिवसांपूर्वीचं आहे. म्हणजे लोकांनी ते पाणी तेवढे दिवस वापरलं आहे. ही माहिती पुढे डॉक्टरांना लागेल.

इथे एक सावधगिरी. टाकीत एक उंदीर बुडून मेला तर तो बहुधा फक्त बुडूनच मेलेला असतो. गुळगुळीत भिंत, पाण्याची पातळी खाली, त्याला वर चढता येत नाही. पण आवारात बरेच उंदीर आपोआप मरून पडत असतील, तर ते आरोग्य खात्याला लगेच कळवायला हवं. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगची साथ आली होती, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तसंच एकाच वेळी बरेच पक्षी मेलेले दिसले, तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवायचं.

आणि पाणी आलं कुठून तेही पाहायचं. इमारतीला खाली जमिनीतली टाकी असेल तर तिचंही झाकण उघडून बॅटरीने बघा. पाणी खालून वर जातं, उलट नाही. उंदीर फक्त वरच्या टाकीत असेल तर खालची सुटली. पण तो खालच्या टाकीत असेल, तर दोन्ही टाक्या आणि मधला पंपाचा पाईप, सगळंच धुवावं लागेल, आणि सुरुवात खालून करावी लागेल.

रिकामी करणं आणि घासणं

टाकी रिकामी करायची ती वॉशआऊटमधून, म्हणजे तळाशी वेगळा काढलेला जो धुण्याचा पाईप असतो त्यातून. तो नसेल तर रबरी नळी लावून किंवा छोटा पंप सोडून पाणी थेट ड्रेनेजमध्ये न्यायचं. पंप पाण्यात चालू असताना कुणीही आत उतरायचं नाही. ओल्या टाकीत विजेचा झटका जीवघेणा असतो. आत उजेडासाठीसुद्धा वायरचा दिवा नको, बॅटरीच घ्या.

टाकीत उतरण्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. बंद टाकीत, विशेषतः जमिनीखालच्या, कुजण्यामुळे प्राणवायू कमी झालेला असू शकतो आणि त्याचा वासही येत नाही. एक माणूस आत बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. म्हणून सगळी झाकणं निदान तासभर उघडी ठेवायची, शक्य असेल तर पंख्याने बाहेरून हवा आत सोडायची. आत एक माणूस असेल तर वर एक माणूस सतत बोलत बसलेला हवा, आणि आतल्या माणसाच्या कमरेला दोर हवा. वरच्या माणसाने वाचवायला आत उडी मारायची नाही, दोराने ओढायचं. पेट्रोल-डिझेलचा पंप टाकीत किंवा तोंडाशी चालवायचा नाही. प्लॅस्टिकची छोटी टाकी असेल तर उतरण्याची गरजच नसते, लांब दांड्याचा ब्रश पुरतो.

घासायला नायलॉनचा कडक ब्रश, धुण्याची पावडर अगदी थोडी, आणि भरपूर हात. क्रम वरून खाली : आधी झाकणाची आतली बाजू आणि छत, मग भिंती, शेवटी तळ. पाण्याच्या पातळीची जी रेघ भिंतीवर दिसते, तिथे चरबीचा पातळ थर बसलेला असतो, तिथे जास्त घासा. बोट फिरवून बघायचं. बुळबुळीत लागलं तर अजून काम बाकी आहे. सगळा गाळ बादलीने बाहेर काढायचा, दोनदा स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि तेही पाणी वॉशआऊटनेच काढायचं. आपल्या उदाहरणात दोन माणसांना यासाठी दुपारचे दोन-तीन वाजतील. हा वेळ वाचवायचा नाही, कारण खरी स्वच्छता इथे होते. क्लोरीन फक्त उरलेलं काम करतो.

फिनाईल, संडास धुण्याचं ॲसिड यांतलं काहीही टाकीत वापरायचं नाही. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, आणि टाकीच्या आत तो सुटला तर पळायलाही जागा नसते.

क्लोरीनचा हिशोब

आता येतो क्लोरीन. घासलेली टाकी निर्जंतुक करायला पिण्याच्या पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त मात्रा लागते : दर हजार लिटरला ५० ग्रॅम क्लोरीन, आणि तसं भरलेलं पाणी २४ तास ठेवायचं. घाई असेल तर मात्रा दुप्पट करून ८ तास.

आपल्याकडे सहज मिळते ती ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायतीत जिला टीसीएल म्हणतात. ताजी असते तेव्हा तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, पण पोतं उघडं राहिलं, पावसाळी हवा लागली, की तो उडून जातो. म्हणून हिशोबाला २५ टक्के धरू. ५० ग्रॅम क्लोरीन हवा तर २०० ग्रॅम पावडर, एका हजार लिटरला. आपल्या दहा हजार लिटरच्या टाकीला २ किलो. पावडरीचे खडे झाले असतील आणि डब्याला वासच नसेल, तर ती वापरू नका. द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट १० टक्क्यांचं मिळालं तर हजार लिटरला अर्धा लिटर, म्हणजे आपल्याला ५ लिटर लागेल.

पावडर थेट टाकीत ओतायची नाही. तिच्यात चुना असतो, तो विरघळत नाही, तळाशी बसतो. प्लॅस्टिकच्या चार-पाच बादल्यांत थोडी थोडी पावडर घेऊन आधी लापशीसारखी कालवायची, मग पाणी घालून ढवळायचं, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. वरचं निवळ पाणी कापडातून गाळून टाकीत ओतायचं, खालचा चुना बाहेर टाकायचा. हे उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे आणि चष्मा घालून करायचं. टाकी पाव भरली की ओतायला सुरुवात करायची, म्हणजे उरलेलं पाणी भरताना ते आपोआप मिसळतं. या वेळी आत कुणीही नको.

टाकी भरली की आता पाईपांची पाळी. घराकडचा व्हॉल्व उघडायचा आणि प्रत्येक घरात सगळे नळ एकेक करून सोडायचे, क्लोरीनचा वास आला की बंद करायचे. त्याआधी प्युरिफायरकडे जाणारी जोडणी बंद असल्याची खात्री करायची, कारण एवढा क्लोरीन आरओच्या पडद्याला खराब करतो. गिझरचं बटण बंद ठेवून त्याच्या गरम नळातूनही पाणी सोडायचं, त्यात पंधरा-वीस लिटर जुनं पाणी अडकलेलं असतं. नळाच्या तोंडाची जाळी काढून बघायची, कधी कधी केस किंवा पीस तिथेच सापडतं. मग व्हॉल्व बंद करून सगळं तसंच ठेवायचं. संध्याकाळी सहाला भरलं तर सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत. या वेळात नळाचं पाणी कशालाही वापरायचं नाही, कपड्यांना तर मुळीच नाही, रंग उडतील.

चोवीस तासांनी टाकीतल्या पाण्याला क्लोरीनचा तीव्र वास आलाच पाहिजे. तो नाहीसा झाला असेल, तर कुठेतरी घाण राहिली आहे असं समजायचं आणि पुन्हा घासायचं. वास पक्का असेल तर ते पाणी सावकाश ड्रेनेजला सोडायचं. झाडांना नाही, विहिरीत नाही, ओढ्यात नाही आणि पावसाचं पाणी मुरवायच्या खड्ड्यात तर नाहीच. मग ताजं पाणी भरून सगळे नळ पुन्हा सोडायचे, उग्र वास जाईपर्यंत.

पाणी कमी असेल तर

व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी विचारलं, "आमच्याकडे चार दिवसांनी पाणी येतं, दहा हजार लिटर भरून फेकून द्यायचं म्हणता?" प्रश्न अगदी बरोबर आहे. टंचाईत दुसरा मार्ग आहे. टाकी तितकीच नीट घासायची, त्यात सूट नाही. मग २० लिटरच्या बादलीत १६ ग्रॅम पावडर, म्हणजे साधारण तीन-चार चमचे, वरच्यासारखी निवळून घ्यायची. हे द्रावण चौपट कडक झालं. ते ब्रशने किंवा फवारणीच्या पंपाने छतासह सगळ्या आतल्या पृष्ठभागाला लावायचं आणि अर्धा तास ओलं ठेवायचं, सुकायला लागलं तर पुन्हा लावायचं. शक्यतो हे वरून, लांब दांड्यानेच करायचं. मग धुवून घ्यायचं.

पाईपांसाठी टाकी पूर्ण भरायची गरज नाही. एक इंची पाईपात मीटरला जेमतेम अर्धा लिटर पाणी मावतं. इमारतीत दोनशे मीटर पाईप असला तरी शंभर लिटर झाले. गिझर धरले तरी पाव टाकी, म्हणजे २,५०० लिटर, पुष्कळ होतं. त्याला अर्धा किलो पावडर पुरते. ते पाणी पाईपांत भरून २४ तास ठेवायचं. उरलेलं पाणी नंतर संडासात ओतायला वापरता येतं.

पाणी खरंच चांगलं झालं का?

शेवटची पायरी तपासणीची, आणि ती दोन प्रकारची आहे. पहिली आपण स्वतः करू शकतो. ओ.टी. म्हणजे ऑर्थोटोलिडिनच्या द्रावणाची छोटी पेटी पाण्याच्या सामानाच्या दुकानात मिळते. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो पेटीवरच्या रंगांशी जुळवायचा. सगळ्यात लांबच्या घरातल्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवा, हे आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात आहे. रंग टाकल्याबरोबर लगेच आला तर मोकळा क्लोरीन आहे. लगेच फिकट आणि नंतर सावकाश गडद होत गेला, तर तो बांधला गेलेला, कमजोर क्लोरीन आहे, म्हणजे घाणीची शंका घ्यायची. तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, प्यायचं नाही. रंगच आला नाही तर भरलेल्या टाकीत हजार लिटरला ४ ग्रॅम पावडर, आपल्याला ४० ग्रॅम, निवळून टाकायची आणि अर्ध्या तासानं पुन्हा बघायचं.

दुसरी तपासणी जंतूंची. जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणायची. त्या बाटलीत क्लोरीन थांबवणारं औषध आधीच घातलेलं असतं, म्हणून ती धुवायची नाही आणि घरची बाटलीही वापरायची नाही. नमुना स्वयंपाकघरातल्या नळाचा घ्यायचा. अहवालात १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू शून्य असायला हवेत. अहवाल येईपर्यंत पिण्याचं पाणी खळाळून उकळून घ्या. आठवड्याभरानं आणखी एक नमुना द्या, कारण पाईपात कुठे घाण अडकली असेल तर ती नंतर डोकं वर काढते.

आता ज्यांनी आधीच ते पाणी प्यायलं त्यांचं काय, हा प्रश्न दर वेळी येतो. घाबरून सगळ्यांनी औषधं घ्यायची गरज नाही. पुढचे काही दिवस जुलाब, उलट्या, ताप यांकडे लक्ष ठेवायचं. उंदीर असेल तर लेप्टोस्पायरोसिस लक्षात ठेवायचा. त्याची लक्षणं बहुधा पाच ते चौदा दिवसांत दिसतात, पण महिनाभरही लागू शकतो. जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, कावीळ असं काही झालं, तर डॉक्टरांना "आमच्या टाकीत मेलेला उंदीर सापडला होता" हे एक वाक्य आवर्जून सांगायचं. ते वाक्य न सांगितल्यामुळे निदानाला उशीर होऊ शकतो. टाकी घासणाऱ्या माणसांनाही हेच लागू, त्यांच्या हातापायांना जखमा असतील तर जास्तच.

तो आत आला कुठून?

टाकी स्वच्छ झाली, पण वाट उघडीच राहिली, तर दोन महिन्यांनी पुन्हा हेच. म्हणून व्हॉल्व उघडण्याआधी आतून बघायचं, उजेड कुठून कुठून येतो ते. झाकण तुटलेलं किंवा वाकलेलं, पाईप आत येतो तिथली फट, आणि सगळ्यात विसरली जाणारी जागा म्हणजे ओव्हरफ्लोचा पाईप. उंदराचं पिल्लू अर्ध्या इंचाच्या फटीतून आत येतं. ओव्हरफ्लोचं आणि हवेच्या पाईपचं तोंड खाली वळवून त्यावर एक-दीड मिलिमीटरची स्टीलची जाळी बसवा. प्लॅस्टिकची जाळी उंदीर कुरतडतो. स्टीलच्या त्याच जाळीने डासही अडतात. झाकणाला कडी-कुलूप लावा आणि किल्ली एकाच माणसाकडे ठेवा.

या सोसायटीचं काम रविवारी सकाळी सुरू झालं आणि सोमवारी रात्री नळाला पाणी आलं. दोन दिवस, दोन किलो पावडर, एक टाकी पाणी आणि काही फूट जाळी. पुढच्या भागात आपण जमिनीखालच्या टाकीत सांडपाणी झिरपतं तेव्हा काय करायचं ते पाहू.